खान कुठे आहे, बोट दाखवा

साठ ब्रॅकेट भंगारात गेली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. गिऱ्हाइकाकडून आलेलं ड्रॉइंग आपल्या मशीनवाल्यांना कळेल असं पुन्हा काढून द्यायचं, एवढंच माझं काम. त्या ब्रॅकेटच्या एका बाजूला खाच हवी होती. मी काढलेल्या कागदावर ती दुसऱ्या बाजूला गेली आणि मिलिंगवाल्याने कागदाबरहुकूम साठही नगांवर चुकीच्या बाजूला खाच पाडली.

चूक अगदी शाळकरी होती. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडच्या पद्धतीत डावीकडून दिसणारं चित्र उजव्या हाताला काढतात. दुसऱ्या पद्धतीत ते डाव्या हातालाच राहतं. कोणती पद्धत वापरली आहे हे सांगायला ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, टोक कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी एकात एक दोन वर्तुळं. आलेल्या कागदावर ते चिन्ह होतं. मी पाहिलंच नाही. सगळी मापं बरोबर, सगळ्या रेषा बरोबर, आणि वस्तू उलटी.

आमचे फोरमन उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी एक ब्रॅकेट उचलून माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "देख किधर से रहे हो?" पुढची चार वर्षं माझ्या प्रत्येक कागदावर त्यांचा हाच प्रश्न असायचा.

पुढे मी लिहिण्याच्या धंद्यात पडलो आणि मुंबईत आलो. मालिकांचे संवाद लिहिले, मग पटकथा. मी मेकॅनिकल ड्रॉइंग शिकलोय हे कळल्यावर माझ्याकडे आपोआप एकाच जातीची कामं येऊ लागली. कुणीतरी कुठेतरी शिरतो, काहीतरी उचलतो, आणि सुटतो. तिजोरी, तुरुंग, वाडा, किल्ला. लोकांना वाटतं, नकाशा काढता येणाऱ्या माणसाला हे सोपं जात असेल. मला ते इतरांपेक्षा अवघड गेलं, आणि त्याचं कारण नकाशाच होता.

त्याआधी जबलपूरचं एक सांगायला हवं. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी पन्हाळगडावरून सुटकेचं एक छोटं नाटक लिहिलं होतं. १६६० च्या जुलैमधली ती रात्र. सिद्दी जौहरचा वेढा, मुसळधार पाऊस, दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू, पलीकडे विशाळगड आणि त्याच्याही पायथ्याशी शत्रूच. रंगमंच म्हणजे शाळेचा स्टेज. डावी विंग पन्हाळा, उजवी विंग विशाळगड, मध्ये दोन बाकं म्हणजे खिंड. कुणाला काही समजावून सांगितलं नव्हतं. सगळे डावीकडून येत आणि उजवीकडे जात, इतकंच. तिसऱ्या प्रवेशात पाठलाग करणाऱ्या सैन्यातली दोन पोरं गडबडीत उजव्या विंगेतून आत आली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने म्हटलं, "अरे, हे तर आधीच पोचले की!" आणि सगळा हॉल हसला.

त्या रात्री मी त्या पोरांवर चिडलो होतो. खरं तर एका प्रेक्षकाने चारशे माणसांच्या वतीने सांगितलं होतं की भूगोल पोचलाय. चूक चूक म्हणून दिसली, कारण बरोबर काय ते त्यांना ठाऊक होतं. हे मला कळायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली.

पन्हाळ्याची गोष्ट लेखकाला सोपी जाते, कारण ती एक रेषा आहे. मागे मृत्यू, पुढे गड, मध्ये एक चिंचोळी जागा. विशाळगडावरून झालेल्या तोफांच्या आवाजाची जी आठवण परंपरेने जपली, तिनेही हेच काम केलंय. न दिसणारी दोन ठिकाणं एका आवाजाने जोडली गेली. अवघड असतं ते घर. घरात मागे-पुढे पुरत नाही. घराला भिंती असतात, आणि भिंतीपलीकडे काय आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

मला मिळालेलं घर होतं लाल महाल.

५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना. शाहिस्तेखान पुण्यात, ज्या वाड्यात महाराजांचं बालपण गेलं त्याच वाड्यात मुक्काम ठोकून बसलेला, भोवती प्रचंड छावणी. या प्रसंगाचं जे वर्णन इतिहासकारांनी, विशेषतः जदुनाथ सरकारांनी, जुन्या साधनांवरून मांडलंय ते वाचताना माझ्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला, कारण त्यात नुसती शौर्यकथा नव्हती, जागा होत्या. सुमारे चारशे माणसं घेऊन महाराज छावणीत शिरले. हटकलं तेव्हा आपण बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, पहाऱ्यावर चाललोय असं सांगितलं. मध्यरात्रीच्या सुमाराला मुदपाकखान्यात प्रवेश. पहाटेच्या जेवणाच्या तयारीला लागलेल्या आचाऱ्यांचा आवाज न होता बंदोबस्त. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्या मध्ये पूर्वी एक वाट होती. ती विटा आणि मातीने बुजवलेली. ती फोडायला सुरुवात झाली तेव्हा पलीकडच्या दासींनी खानाला जाऊन सांगितलं की भिंतीतून आवाज येतोय. खानाने आचारी उठले असतील म्हणून त्यांना हाकलून दिलं. मग भगदाड, आत कापडाच्या पडद्यांची रांगच रांग, खानाची खोली, कुणीतरी शहाण्या बाईने दिवे विझवलेले, अंधारात आपलेच दोन मावळे पाण्याच्या हौदात पडलेले, खानाची बोटं तुटलेली. दुसऱ्या तुकडीने पहारेकरी कापून नगारखाना गाठला आणि खानाच्याच हुकुमाच्या नावाने नौबत वाजवायला लावली, म्हणजे आरडाओरडा त्या आवाजात बुडून जाईल.

पटकथाकाराला याहून काय हवं? पण एक अडचण होती. त्या वाड्याचा नकाशा उपलब्ध नाही. पुण्यात आज जो लाल महाल दिसतो तो महापालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बांधलेला. म्हणजे वाडा मलाच बांधायचा होता, कागदावर. इथे मी ती चूक केली.

मी सुरेख नकाशा काढला. ए-टू कागदावर, मापासकट, खांबांसकट. आणि तो नकाशा प्रेक्षकांना कळावा म्हणून राजगडावरचा एक सीन लिहिला, ज्यात महाराज वाळूत काठीने रेघा ओढून सरदारांना समजावतात: हा मुदपाकखाना, ही भिंत, हा चौक, हा खान. साडेतीन पानं. आमच्या धंद्यात एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, तेव्हा साडेतीन मिनिटांचा भूगोलाचा तास. त्यानंतर मूळ सीक्वेन्स अकरा पानांचा, धडाकेबाज.

नॅरेशनच्या दिवशी ऑफिसात सहा जण होते. मी जीव ओतून वाचलं. भगदाड पडलं, महाराज आत शिरले, आणि दिग्दर्शकांनी हात वर केला. म्हणाले, "भिंत फोडली, छान. पण फोडून ते आले कुठे?"

मी म्हटलं, चौकात. आधी सांगितलंय ना, वाळूतल्या सीनमध्ये.

ते म्हणाले, "तेव्हा मी काठी बघत होतो."

त्यांचं खरं होतं. नकाशा वरून बघतात. प्रेक्षक कधीच वरून बघत नाही. तो माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून बघतो, आणि तेही एका वेळी एकच भिंत. वाळूतली चौकोनी रेघ आणि नंतर दिसणारी धुराने काळवंडलेली भिंत या दोन्ही एकच, हे त्याने मनात जुळवायचं कसं? मी पुन्हा दोन वेगवेगळ्या पद्धतींतली चित्रं एका कागदावर ठेवली होती, आणि कोपऱ्यातलं चिन्ह द्यायला विसरलो होतो. देख किधर से रहे हो?

त्या दिवाळीत मी घरी गेलो. माझ्या मावसभावाचं रिछाईतच फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, चाळीस बाय साठ फुटांची शेड. रविवारी बंद असतं. मी त्याला म्हटलं, दादा, मला फरशी दे आणि खडू दे. कोटा फरशीवर मार्किंग करायला वापरतात तो जाड पांढरा खडू. दोघांनी मिळून वाडा आखला, पुरा मापात नाही मावला, पण चालण्याइतका. दारांच्या जागी एकेक वीट. हौदाच्या जागी कुलंट मिसळायचं पत्र्याचं घमेलं. नगारखान्यात त्याच्याकडे कामाला असलेला पोरगा रिकामा ड्रम घेऊन बसला. वहिनी आणि आई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना स्टुलांवर बसवलं आणि म्हटलं, मी वाचतो, तुम्ही ऐका.

पहिल्याच वाचनात एक गोष्ट सापडली जी मुंबईतल्या सहा जणांनी मला सांगितली नव्हती. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मुदपाकखाना आणि स्वयंपाकघर वेगळं का?" मी एका पानावर मुदपाकखाना लिहिलं होतं, दुसऱ्यावर स्वयंपाकघर आणि तिसऱ्यावर भटारखाना, शब्दाची पुनरुक्ती नको म्हणून. शाळेत निबंधाला मार्क मिळवून देणारी सवय. तिच्या डोक्यात वाड्याला दोन खोल्या जास्त झाल्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये जागेला एकच नाव असतं आणि ते शेवटपर्यंत तेच राहतं, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

मग मी खडूच्या रेघांवरून चालायला लागलो. भिंतीपाशी आलो आणि सहज लक्षात आलं की ही वाट बुजवण्यातच सगळी गोष्ट आहे. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यात एका भिंतीचं अंतर. पण वाट बंद असल्यामुळे एखाद्या दासीला मुदपाकातून ताट घेऊन जनानखान्यात जायचं असेल तर पूर्ण वाडा वळसा घालून जावं लागणार. मी चालून पाहिलं. मुदपाकातून बाहेर, लांब ओसरी, नगारखान्याच्या खालून, मग चौक, चौकातला हौद, आणि मग पडदे. माझ्या आखलेल्या वाड्यात बेचाळीस पावलं. आणि सगळा वळसा घेऊन मी ज्या ठिकाणी येऊन उभा राहिलो तिथून, जिथून निघालो ती जागा हाताच्या अंतरावर होती. मध्ये फक्त खडूची रेघ.

वाळूतला सीन मी तिथेच फाडला. त्याच्या जागी एक मिनिटाचा सीन लिहिला, ज्यात लढाई नाही, महाराज नाहीत, संवादही जवळजवळ नाहीत. हल्ल्याच्या आदल्या रात्रीची वेळ. एक दासी मुदपाकखान्यातून ताट उचलते. आचाऱ्याला खोकला आहे, तो खोकतो. ती ओसरीने निघते. नगारखान्याखालून जाताना वर पखवाज लावल्यासारखा कुणी नगाऱ्याचं कातडं तापवून ठोकून बघतोय. चौकात हौदाच्या काठाशी ताट टेकवून ती बोटाला लागलेलं तूप धुते, पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब हलतं. पडदे बाजूला सारत ती आत येते, ताट ठेवते, आणि तिच्या पाठच्या भिंतीतून खोकला ऐकू येतो. तोच. ती भिंतीकडे बघते. नवी माती अजून ओलसर रंगाची आहे. बस.

एवढ्यात वाडा झाला. कुठल्या क्रमाने काय येतं, काय कशाला लागून आहे, आवाज कुठे उमटतो, पाणी कुठे आहे, आणि मुख्य म्हणजे जवळची वाट असूनही लांबचीच घ्यावी लागते हे, सगळं एका बाईच्या पायांनी सांगितलं. शिवाय हीच दासी दुसऱ्या रात्री खानाला सांगायला जाणार की भिंतीतून आवाज येतोय, आणि हाकलली जाणार. काल तिने त्याच भिंतीतून खोकला ऐकलाय, त्यामुळे प्रेक्षक तिच्या बाजूचा असतो. तो खानाला ओरडून सांगायला बघतो, आणि महाराजांच्याही बाजूचा असतो. या ओढाताणीचं श्रेय माझं नाही. जुन्या हकिकतीत ती होतीच. मी फक्त दासीला आदल्या रात्री चालायला लावलं.

मग त्या शेडमध्ये जी परीक्षा सापडली ती मी आजही घेतो. वाचता वाचता कुठेही थांबायचं आणि ऐकणाऱ्याला म्हणायचं, खान कुठे आहे, बोट दाखवा. समजलं का, असं विचारायचं नाही. त्यावर सगळे हो म्हणतात. बोट दाखवायला सांगितलं की खरं कळतं. ज्याला भूगोल पोचलाय त्याचं बोट ताबडतोब उठतं, चुकीच्या दिशेने का होईना. ज्याला पोचला नाही तो आधी माझ्याकडे बघतो. भगदाड पडायच्या क्षणी मी थांबलो. आईने क्षणाचाही विचार न करता आपल्या डावीकडे बोट केलं, वहिनीने आपल्या उजवीकडे. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचं बरोबर होतं.

मी तिथेच खाली बसलो. तोवर माझ्या पानांवर डावीकडे-उजवीकडे हे शब्द पेरलेले असायचे. पण डावं-उजवं हे बघणाऱ्याचं असतं, वाड्याचं नसतं. कॅमेरा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला की माझं सगळं डावं उजवं होणार. पूर्वी एका मालिकेत असंच झालं होतं. मी तुरुंगातून पळणारा माणूस डावीकडे धावतो असं लिहिलं, सेट लावताना दार दुसऱ्या भिंतीत गेलं, आणि एडिटमध्ये कैदी बाहेर पडण्याऐवजी कोठडीकडेच परत धावतोय असं दिसायला लागलं. मी तेव्हा सेटवाल्यांना दोष दिला होता. दोष माझ्या शब्दाचा होता. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कुठली रेघ ओलांडायची नाही, हे दिग्दर्शकाने आणि कॅमेरामनने ठरवायचं. लेखकाने द्यायचे ते संबंध, सेट फिरवला तरी न फिरणारे. म्हणून मी लिहायला लागलो: हौद पाठीशी ठेवून ते पडद्यांकडे वळतात. नगाऱ्याकडे तोंड करून थबकतात. भिंतीला हात लावत सरकतात. अशा वाक्याला डावं-उजवं लागत नाही, आणि दिग्दर्शकाच्या कामात आपण लुडबुडही करत नाही.

भगदाडाचा क्षण तरीही अडत होता. एका बाजूला मुदपाकखाना, दुसऱ्या बाजूला जनानखाना. एक शॉट इथला, एक तिथला. हे दोन एकाच भिंतीचे आहेत हे कशाने ठसवायचं? त्यावर मला ज्यूल दासँच्या १९५५ सालच्या 'रिफिफी' या फ्रेंच चित्रपटाने वाट दाखवली. त्यात चोर दागिन्यांच्या दुकानावरच्या मजल्यावरून जमीन फोडतात, आणि जवळपास अर्धा तास कुणी एक शब्द बोलत नाही. छोटं भोक पडल्यावर ते त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पडणारा चुरा छत्रीत झेलला जावा आणि आवाज होऊ नये. युक्ती चोरांची म्हणून सगळे वाखाणतात. मला ती भूगोलाची वाटते. एकच वस्तू वरच्या खोलीत धरलेली आहे आणि खालच्या खोलीत उमलते. आता वर आणि खाली काय आहे हे कुणालाही सांगावं लागत नाही.

माझ्याकडे छत्री नव्हती, उजेड होता. मुदपाकखान्यात चुलींचा तांबडा जाळ, जनानखान्याच्या त्या कोपऱ्यात अंधार. पहिली वीट निघते तेव्हा अंधाऱ्या बाजूने पाहिलं तर भिंतीत एक तांबडा ठिपका. दुसरी वीट, ठिपक्याची फट. मग त्या उजेडात कुदळीचं टोक आत येतं. आपण आता भिंतीच्या पलीकडे आहोत आणि मागे काय आहे ते त्या रंगाने सांगितलंय. वापरायला एवढं पुरलं. आणि पुढे, परतताना, हाच तांबडा चौकोन अंधारात बाहेर पडायची वाट दाखवणार होता.

इथे एक कबुली. ते आले तसेच परत गेले असं मी लिहिलंय. हा माझा निर्णय आहे, पुराव्याचा नाही. हकिकतीत इतकंच येतं की शत्रू सावध होऊन शस्त्र उचलतोय हे पाहून महाराज माणसं गोळा करून तडक बाहेर पडले. मला प्रेक्षकाला नवी वाट शिकवायला वेळ नव्हता. अकरा पानांत एक घर शिकवून होतं, दोन नाही. जिथून आत, तिथूनच बाहेर म्हटलं की त्याला उलटी मोजणी करता येते: पडदे, हौद, तांबडा चौकोन, चुली. चार ठिकाणं. पाचवं ठेवलं असतं तर एक गळलं असतं, हे मी शेडमध्ये आईवर आजमावून पाहिलं होतं. पाचवा म्हणून एक जिना ठेवला होता. तो तिच्या लक्षात कधीच राहिला नाही, आणि जिन्यासाठी हौद विसरला जाऊ लागला. जिना काढला.

दिवे विझतात तो भाग मी सगळ्यात शेवटी लिहिला, कारण मी त्याला घाबरत होतो. दीड पान काळोख. पटकथेत काळोख लिहायचा म्हणजे गोंधळ लिहायचा असं मला वाटायचं: तलवारी, किंकाळ्या, धावपळ. पण गोंधळ पात्रांचा असावा, प्रेक्षकाचा नको. खानाच्या माणसांना काही दिसत नाही, मावळ्यांनाही नाही. बघणाऱ्याला मात्र ठाऊक हवं की कोण कुठल्या दिशेने चुकतोय. फ्रान्सच्या रोबेर ब्रेसाँने १९५६ च्या 'अ मॅन एस्केप्ड'मध्ये तुरुंग बहुतेक कानांनीच बांधलाय: किल्ल्यांचा खुळखुळाट, बाहेरची ट्राम, बाहेरची शिट्टी. माझ्याकडे दोन आवाज होते आणि दोन्ही आदल्या रात्री दासीने पेरून ठेवले होते. एक नौबत. नगारखाना हलत नाही, म्हणून नौबत हाच अंधारातला उत्तरध्रुव. तिच्याकडे तोंड केलं की आवाज मोठा, पाठ केली की दबका. दुसरा आवाज पाण्याचा. दोन मावळे धावताना हौदात पडतात, धप्प. त्या एका आवाजाने प्रेक्षकाला कळतं की ते चौकाच्या मधोमध आहेत, पडद्यांपासून दूर, आणि आता पाठ नौबतीकडे वळवली तर तांबडा चौकोन समोर येणार. आणि तो येतो. काल तिथे बोटाचं तूप धुतलं गेलं नसतं तर आज ते नुसतं पाण्यात पडणं होतं, थोडं विनोदीसुद्धा.

हा सीक्वेन्स लिहून होईपर्यंत मी दिग्पाल लांजेकरांचा २०१९ चा 'फत्तेशिकस्त' मुद्दाम पाहिला नव्हता. त्यात याच छाप्याची गोष्ट आहे. दुसऱ्याचा वाडा डोक्यात शिरला की आपला वाडा कोसळतो. नंतर पाहिला. त्यांचा वाडा वेगळा, माझा वेगळा, आणि खरा वाडा कसा होता ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या नॅरेशनला मी नकाशा नेलाच नाही. वाचता वाचता काळोखाच्या पानावर थांबलो आणि दिग्दर्शकांना म्हटलं, खान कुठे आहे, बोट दाखवा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. मग ते म्हणाले, "कुठला खान? तो खिडकीशी होता, बोटं तुटली, त्याला दासींनी ओढत मागे नेलं. म्हणजे तिकडे." बोट उठलं. मी नकाशावर जिथे फुली मारली होती तिकडेच.

सीक्वेन्स शूट झाला तेव्हा तो अकरा मिनिटांचा सात झाला. दासीचा सीन एक मिनिटाचा चाळीस सेकंद. आचाऱ्याचा खोकला राहिला, तूप गेलं. ती नुसता हात बुडवते, आणि तेवढं पुरतं. पडदे हकिकतीतल्यासारखे रांगेने नाहीत, तीनच आहेत, कारण कापडाचं भाडं. हौद बांधायला बजेट नाही असं निर्मात्यांनी सांगितलं आणि त्याऐवजी मोठा रांजण सुचवला. मी इतर कशावर भांडलो नाही, यावर भांडलो. रांजण फुटला तर आवाज येतो, पण फुटलेला रांजण कुठेही असू शकतो. हौद एकाच जागी असतो. शेवटी आर्ट डायरेक्टरने फळ्यांचा दीड फूट खोल चौकोन करून आत प्लॅस्टिक अंथरलं आणि पाणी भरलं.

त्याने सेट बांधायच्या आधी माझा नकाशा मागितला होता. मी रिछाईच्या शेडमधला खडूचा वाडा कागदावर नीट उतरवून पाठवला, वरून, समोरून आणि बाजूने. खालच्या उजव्या कोपऱ्यात शंकू आणि दोन वर्तुळं काढली. त्याने फोन करून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, कुठून बघायचं ते.